आई आणि मावशी एकाच नावाखाली गेल्या आहेत, वेगळ्या कशा करायच्या?

सुपारीची_बाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या निमित्ताने तिच्या लहानपणापासूनच्या फोटोंचा एक अल्बम करून हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर लावायचा बेत आहे. फोटो सगळे गुगल फोटोजवर आहेत आणि चेहऱ्यांचे गट आपोआप पडलेले आहेत. मला वाटलं, आईच्या गटावर बोट ठेवलं की काम झालं.

घोळ माझ्याच हातून झाला. दोन-तीन वर्षांपूर्वी ॲप अधूनमधून दोन गोल चेहरे दाखवून विचारायचं, की ही एकच व्यक्ती का? मी बसमध्ये बसून, चष्मा नसताना, हो-हो करत गेले. आई आणि धाकटी मावशी यांच्यात दोन वर्षांचं अंतर आहे. तोंडावळा एक, आंबाडा एक, कुंकूही तेवढंच मोठं. परिणाम असा, की 'आई' नावाच्या गटात आज २३०० च्या आसपास फोटो आहेत आणि त्यातली निदान पाव मावशी आहे.

दुसरी भानगड गावांची. आईचं लग्न १९६८ साली सांगलीत झालं. ते फोटो मी गेल्या दिवाळीत फोनच्या कॅमेऱ्याने जुन्या अल्बमवरून काढून घेतले. आता ते सगळे 'पुणे, २०२४' म्हणून दिसतात. आजोबा २०२४ मध्ये कोथरूडला कन्यादान करतायत!

हे निस्तरायचं कसं? २३०० फोटो एकेक करून बघायला वेळ नाही.

ठोकळा

सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन चेहऱ्यांचे गट बंद करा, एक दिवस थांबा, परत चालू करा. सगळं नव्याने होतं. पाटी कोरी.

खवचट_मांजर

२०२४ मध्ये १९६८ च्या खर्चात लग्न लावून दिलंत, आजोबांचा सत्कार करा आधी.

जुनाट

ठोकळा, पाटी कोरी होते हे खरं, पण ती सगळ्यांचीच कोरी होते. गट बंद केले की तुम्ही दिलेली सगळी नावं पुसली जातात. नवरा, मुलं, सासरचे, शेजारचा कुत्रा, सगळे. पुन्हा चालू केल्यावर गट नव्याने पडतात, पण तेच फोटो आणि तीच पद्धत असल्यामुळे दोघी बहिणी पुन्हा जवळच येणार. सुपारीची_बाग, हे करू नका.

मी निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचे साधारण नऊ हजार फोटो लावून घेतले. त्यात माझी आत्या आणि तिची मुलगी यांचा हाच गोंधळ होता. संध्याकाळी जरा सविस्तर लिहितो.

केतकी_८१

वाचतेय. माझ्याकडे जुळे भाचे आहेत, म्हणजे विचार करा.

बापूसाहेब_नागपूर

अहो ताई, माझाही हाच प्रॉब्लेम आहे. १५ जीबी भरून गेलं म्हणते. व्हिडिओ डिलीट करून करून थकलो, तरी दोन दिवसांत पुन्हा भरते. काय करावं?

खवचट_मांजर

बापूसाहेब, तुमचा प्रॉब्लेम 'हाच' नाही, पण स्वागत आहे. कचरापेटी रिकामी करा.

जुनाट

आता सविस्तर.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात, म्हणजे पुढचे उपाय कळतील. प्रत्येक चेहऱ्याचे आकडे काढले जातात. गुगलच्याच लोकांनी २०१५ साली FaceNet नावाचा निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात एका चेहऱ्याचे १२८ आकडे होत. ज्यांचे आकडे जवळ, त्यांचा एक गट. यात नाव कुठेच नाही, नाव तुम्ही देता. आणि 'जवळ' ही गोष्ट साखळीसारखी लांबत जाते. आईचा तिसाव्या वर्षीचा फोटो मावशीच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच्या फोटोजवळ, तो पुढच्याजवळ, असं करत दोन माणसं एका दोऱ्यात ओवली जातात.

आता महत्त्वाचं. दोन गट जोडणं एका टिचकीचं काम आहे, जोडलेले गट सोडवायला मात्र 'मागे घ्या' असं एकही बटण नाही. पेढ्यात साखर मिसळण्यासारखं आहे ते. म्हणून फोटो एकेक करून बाहेर काढावे लागतात. मात्र तुम्हाला वाटतं तितका वेळ लागत नाही.

'आई' गट उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, तिथे Remove results आहे. ते दाबलं की प्रत्येक फोटोवर खूण करायला गोल येतो. मावशीच्या फोटोंवर खुणा करत चला आणि शेवटी Remove. फोटो पुसला जात नाही, फक्त या गटातून निघतो. घाबरू नका. हे संगणकावर करा. फोनवर बोटाएवढ्या चौकटीत दोन बहिणी तुम्हालाही ओळखू येणार नाहीत, मग त्या यंत्राला कशाला नावं ठेवायची.

गट तारखेप्रमाणे लागलेला असतो. त्याचा फायदा घ्या. ज्या समारंभात फक्त मावशी होती, तिच्या नातवाची मुंज वगैरे, तिथले ओळीने सगळे फोटो तिचेच. पहिल्या फोटोवर खूण करा, शिफ्ट दाबून शेवटच्यावर करा, मधले सगळे येतात. मी पाचशे चेहरे दोन संध्याकाळींत काढले.

सुपारीची_बाग

जुनाट काका, खूप आभार. पण काढलेले मावशीचे फोटो जातात कुठे? तिचा आपोआप वेगळा गट होतो का?

जुनाट

कधी होतो, कधी होत नाही. लगेच तर होतच नाही, आणि किती दिवसांनी होईल याचा मला नियम सापडलेला नाही. माझ्या आत्याचे काही फोटो आठवड्याने नव्या बिननावाच्या गटात आले, काही अजून अधांतरी आहेत.

म्हणून निवडक फोटोंना दुसरा मार्ग वापरा. मावशीचा स्वच्छ, समोरून काढलेला फोटो उघडा, माहितीचा i दाबा, तिथे People च्या शेजारी पेन्सिल आहे. ती दाबली की त्या फोटोत सापडलेले चेहरे दिसतात. मावशीच्या चेहऱ्यावरचं 'आई' काढा आणि तिचं नाव द्या. वेगवेगळ्या वयातले असे वीस-पंचवीस फोटो आधी करून ठेवा. मग बाकीच्यांना जवळ यायला एक नवं घर मिळतं.

आणि दोघी एकत्र आहेत ते फोटो मुद्दाम शोधा. एक माणूस एकाच फोटोत दोनदा नसतो, त्यामुळे कोणता चेहरा कुणाच्या नावावर बसलाय ते तिथे चटकन कळतं.

तळ्यातमळ्यात

जुनाट यांना अनुमोदन, पण एक भर घालतो. फक्त चेहराच बघतात असं नाही. गुगलचंच म्हणणं आहे, की कपड्यांसारख्या खुणा आणि फोटोची वेळही धरतात. म्हणून एकाच लग्नात पाठमोरा माणूसही बरोबर गटात येतो. आमच्याकडे याचाच उलटा झटका बसला. बहिणीच्या लग्नात सगळ्या करवल्यांनी एकाच रंगाच्या पैठण्या नेसल्या होत्या. पाठमोऱ्या चारही जणी एका वहिनीच्या नावावर. वहिनी खूश, म्हणाली निदान फोटोत तरी माझी कामाला चार माणसं दिसतायत.

केतकी_८१

हे माझ्या भाच्यांचं उत्तर आहे तर! ताई दोघांना सारखेच कपडे घालते.

माझं मत जरा वेगळं आहे. ते 'एकच व्यक्ती का' विचारतात त्याची उत्तरं देत राहावीत, त्यानेच सुधारतं. सुपारीची_बाग यांनी घाईत दिली म्हणून बिघडलं.

जुनाट

केतकीताई, सपशेल नाही म्हणत नाही. पण तिथे एक चेहरा दिसतो आणि त्यामागे सबंध गट असतो. तुम्ही 'हो' म्हटलं की त्यामागचे दोनशे चेहरे न बघता आत घेता. 'नाही' म्हटलं तर फार तर एक माणूस दोन गटांत राहतो, त्याने काही बिघडत नाही. म्हणून माझा नियम: आधी दोन्ही गट उघडून साफ करायचे, मग जोडायचे. आणि शंका आली तर Not sure. एकाच आजीचे पाच गट राहिले तरी चालतील. पाचही गटांतून अल्बममध्ये फोटो घेता येतात.

केतकी_८१

पाच गट असले की शोधताना एकच सापडतो हो. मला नाही पटलं. माझ्या मुलीचे तान्हेपणापासूनचे सात गट होते, जोडले नसते तर वाढदिवसाचा अल्बम झालाच नसता.

जुनाट

मुलीचे जोडायलाच हवेत, तिथे पर्याय नाही. एक वर्षाचं मूल आणि दहा वर्षांची मुलगी यंत्राला दोन माणसंच वाटतात. पण जोडण्याआधी तान्हेपणीचा गट उघडून बघितलात का? माझ्या नातीच्या त्या गटात तिचा मावसभाऊ आणि हॉस्पिटलमधलं शेजारच्या पाळण्यातलं एक अनोळखी बाळ होतं.

केतकी_८१

आत्ता बघितलं. तीन बाळं आहेत. त्यातलं एक मी ओळखतच नाही. 😐

खवचट_मांजर

ते मोठं झालंय आता. दहावीला असेल. फोटो परत करा.

अवांतर: आमच्या घरचा गणपती दरवर्षी वेगळ्या गटात पडतो, एकदा मात्र तो मोठ्या काकांच्या गटात गेला होता. काकूने काढू दिला नाही.

पिट्सबर्गकर

वरच्या काही प्रतिसादांत एक गोष्ट राहिली. ही नावं फक्त तुमच्या खात्यापुरती असतात. सुपारीची_बाग, तुम्ही अल्बम भावाला शेअर केलात आणि त्याने त्याच्याकडे मावशीला बरोबर नाव दिलं, तरी तुमच्याकडे काही बदलत नाही. आम्ही चार भावंडांनी आठवडाभर हाच उद्योग केला. प्रत्येक जण आपापल्या खात्यात दुरुस्त करतोय आणि फोनवर एकमेकांना म्हणतोय, 'अरे मी केलं की ते.' शेवटी मोठ्या भावाच्या खात्यात बसूनच केलं.

दुसरं, आपोआप भरणारा अल्बम केला असेल तर तिकडे वेगळं लक्ष द्या. मी आईच्या चेहऱ्यावर तसा अल्बम लावला होता. गटातून काढलेले चुकीचे फोटो अल्बममध्ये तसेच राहिले, तिथून हाताने काढावे लागले. अल्बम सगळ्या नातेवाइकांना शेअर होता आणि त्यात एका चुलत बहिणीचे तिला नको असलेले फोटो गेले होते. मग रागावणं झालं.

इकडे यावर खटलेही झाले. इलिनॉय राज्यात न विचारता चेहऱ्याची मापं घेता येत नाहीत असा २००८ चा कायदा आहे. त्याखाली गुगल फोटोजच्या चेहऱ्यांच्या गटांवर दावा लागला आणि २०२२ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलरला तडजोड केली.

ठोकळा

धाग्याचा अमेरिका होतोय. पण माझ्या उपायात चूक काय होती ते कळलं, बंद करणार होतो बरं का आजच. वाचलो.

गावांचं सांगतो, तिथे मी बरोबर आहे. फोटो उघडा, वर सरकवा, जागेच्या नावावर बोट ठेवा, बदला. मी गुहागरचे सगळे असेच केले.

तळ्यातमळ्यात

ठोकळा, तुमचे गुहागरचे फोटो व्हॉट्सॲपवरून आले होते का?

ठोकळा

हो, भावाने पाठवले होते. का?

तळ्यातमळ्यात

मग तुम्ही अर्धे बरोबर. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची नोंद गळून पडते. फाइलमध्ये जागाच नाही म्हटल्यावर ॲप तुम्हाला ती भरू देतं. अंदाजाने भरलेली जागाही बदलू देतं.

सुपारीची_बाग यांचं तसं नाही. त्यांनी स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्याने, जागेची नोंद चालू ठेवून, जुन्या फोटोचा फोटो काढला. कॅमेऱ्याने इमानदारीत लिहिलं: आत्ता, इथे, पुण्यात. ती नोंद फाइलमध्येच आहे, आणि कॅमेऱ्याने लिहिलेली जागा गुगल फोटोजमधून बदलता येत नाही. तारीख बदलता येते, जागा नाही.

ओळखायचं कसं? माहिती उघडल्यावर जागेशेजारी पेन्सिल येते का बघा. अंदाजाची जागा असेल तर तसं लिहिलेलंही असतं.

सुपारीची_बाग

पेन्सिल नाहीये. 😞 म्हणजे आजोबा कायमचे कोथरूडला?

तळ्यातमळ्यात

नाही. फाइल फोटोजच्या बाहेर दुरुस्त करून परत चढवायची. किती आहेत?

सुपारीची_बाग

लग्नाचे ८६.

तळ्यातमळ्यात

मग तासाभराचं काम. संगणकावर exiftool नावाचा फुकटचा प्रोग्रॅम घाला. लग्नाचे ८६ मूळ फोटो एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या, समजा त्याचं नाव sangli. मग:

```
exiftool -GPSLatitude=16.85 -GPSLatitudeRef=N -GPSLongitude=74.58 -GPSLongitudeRef=E "-DateTimeOriginal=1968:05:12 10:00:00" sangli
```

आकडे सांगलीचे आहेत, तारीख मी ठोकून दिली आहे, तुमची खरी घाला. प्रत्येक फाइलची जुनी प्रत नावापुढे _original लागून शेजारी राहते, ती चढवू नका.

आता क्रम नीट पाळा, इथेच लोक आपटतात. गुगल फोटोज हुबेहूब तीच फाइल दुसऱ्यांदा घेत नाही. पण तुम्ही आतली नोंद बदललीत, त्यामुळे ही नवी फाइल समजली जाईल आणि दोन-दोन प्रती होतील. म्हणून आधी नव्या चढवा, त्यातले दोन-चार उघडून सांगली दिसतंय का बघा, मगच जुन्या काढा. नव्या प्रतींना जुन्या अल्बममधली जागा मिळत नाही, त्या परत घालाव्या लागतात.

पिट्सबर्गकर

आणि जुन्या काढताना फोनवर बॅकअप चालू असेल तर फोनमधल्या मूळ प्रतीही जातात. मी एका रात्रीत बाबांची बद्रीनाथ यात्रा उडवली होती. चढवलेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात म्हणून वाचलो. फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकूनच बसा.

बापूसाहेब_नागपूर

कचरापेटी रिकामी केली. ४ जीबी मोकळं झालं. मांजर, तुमचे आभार. पण आता वाचून भीती वाटून राहिली, त्यात काही कामाचं तर नव्हतं ना?

खवचट_मांजर

बापूसाहेब, आता विचारून काय फायदा.

नदीकाठ

कोकणवाल्यांसाठी एक निरीक्षण. आमच्या गावच्या घराचे फोटो कधी आमच्या गावात, कधी खाडीपलीकडच्या गावात दिसतात. रेल्वेतले तर विचारू नका. मांडवीत बसून करबुडेच्या बोगद्यात मुलांचे फोटो काढले, साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आत उपग्रह दिसणार कुठून. सगळे फोटो बोगद्याआधीच्या एकाच ठिपक्यावर. कॅमेरा नवी जागा मिळाली नाही की शेवटची माहीत असलेली चिकटवतो.

त्यामुळे मी एक खूण शोधली आहे. नकाशावर पंचवीस-तीस फोटो अगदी एकावर एक, केसाएवढंही अंतर नाही, असे दिसले की ती जागा संशयास्पद. माणूस खरोखर फोटो काढत फिरला असेल तर ठिपके थोडे तरी विखुरतात.

जुनाट

ही खूण छान आहे. सुपारीची_बाग यांचे ८६ लग्नाचे फोटोही असेच त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रचलेले असणार.

सुपारीची_बाग

अगदी टेबलावरच!

ठोकळा

जागेचं नाव चुकलं तर एवढं काय बिघडतं पण? बघणाऱ्याला आजोबा दिसल्याशी कारण.

नदीकाठ

आपोआप होणारे अल्बम आणि आठवणी जागा-तारखेवरूनच जुळतात. तारीख २०२४ राहिली तर लग्नाचे फोटो 'गेल्या दिवाळीत' मध्ये फराळाच्या ताटाशेजारी येतात. आमच्याकडे आजोबांच्या अंत्यदर्शनाचा जुना फोटो वहिनीच्या डोहाळजेवणाच्या फोटोंमध्ये आला होता, त्यावर गाणंही लागलं होतं. बिघडतं.

ठोकळा

बरं. मागे घेतो.

केतकी_८१

जुनाट, एक प्रश्न. जुन्या ग्रुप फोटोत आईचा चेहरा सापडतच नाही, पेन्सिल दाबली तरी ती यादीत नाही. तिथे हाताने चौकोन काढून नाव देता येतं का?

जुनाट

यंत्राला चेहरा सापडला नसेल तर मला तरी जमलेलं नाही. पण तो का सापडत नाही ते बघा. तुमच्याकडची प्रत कुठून आली?

केतकी_८१

मामाने व्हॉट्सॲपवर पाठवली.

जुनाट

तेच. हिशोब करून बघा. पोस्टकार्डाएवढा, सहा इंच लांबीचा फोटो, त्यात पंचवीस माणसं, एकेक चेहरा जेमतेम चार मिलिमीटर. चांगल्या फोनने जवळून काढला तर लांबीत ४००० ठिपके, म्हणजे एका चेहऱ्याला शंभरेक ठिपके मिळतात. व्हॉट्सॲप साध्या फोटोची लांबी १६०० पर्यंत उतरवतं. त्याच चेहऱ्याला राहिले चाळीस. चाळीस ठिपक्यांत सगळ्या बहिणी सारख्याच.

मामांना म्हणावं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा फोटोचे चार भाग करून जवळून काढा. काढताना कॅमेऱ्याची जागेची नोंद बंद ठेवा, म्हणजे सुपारीची_बाग यांच्यासारखं होणार नाही.

पिट्सबर्गकर

यावर एक उपप्रश्न, मला उत्तर मिळालेलं नाही. एवढी मेहनत करून दिलेली नावं फाइलमध्ये कुठे जातात? मी Takeout करून सगळं उतरवलं, तर फोटोत नाव नाही. शेजारी एक json फाइल येते, त्यात people खाली नावं दिसतात, पण पंचवीस जणांपैकी कोणता चेहरा कोणाचा ते नाही. उद्या दुसरीकडे गेलो तर?

जुनाट

मी तरी महत्त्वाच्या शंभरेक फोटोंना फोटोजच्याच वर्णनाच्या चौकटीत लिहून ठेवतो: 'डावीकडून दुसरी कृष्णाआत्या'. ते वर्णनही त्याच json मध्ये येतं, पण निदान माणसाला वाचता येतं. आणि खऱ्या कागदी फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने. तेवढं एक कुठल्याही खात्यावर अवलंबून नाही.

तळ्यातमळ्यात

आयफोनवाल्यांकडे फोटो ॲपमधली जागा कॅमेऱ्याने लिहिली असली तरी बदलता येते, iOS 15 पासून. चेहरे मात्र फोनच्या आतच जुळवले जातात. माझ्या बायकोच्या फोनमध्ये काका-पुतण्या वेगळे आहेत आणि माझ्याकडे एक. तिचा दावा आहे की फोन मालकासारखा होतो.

खवचट_मांजर

अवांतर: सहस्रचंद्र म्हणजे ८१ पूर्ण का लागलेलं? आमच्याकडे यावरून भांडण आहे.

जुनाट

एका पौर्णिमेपासून पुढची पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवसांनी. हजाराने गुणा, ८० वर्षं १० महिने येतात. भांडण चालू ठेवा.

सुपारीची_बाग

मंडळी, बारा दिवसांनी हजेरी लावतेय.

चार संध्याकाळी लागल्या. 'आई' गटातून ६४० फोटो काढले. मावशीचे तीस चांगले फोटो आधी हाताने तिच्या नावावर केले, काका म्हणाले तसं. परवा बघितलं तर मावशीच्या गटात ४०० च्या वर फोटो आलेत. उरलेले अधांतरी आहेत, राहू देत. एक गंमत: आईच्या गटात ११ फोटो माझे निघाले. ते काढताना हात जरा थांबला.

सांगलीचे ८६ पैकी ८५ नीट झाले. एकावर तारीख बसली, जागा नाही, का ते कळलं नाही. _original प्रतीही मी चढवल्याच होत्या, तळ्यातमळ्यात यांनी बजावूनही. मग परत काढल्या.

आता एकच अडलंय. १९५० च्या सुमाराचा एक फोटो आहे, वाड्याच्या पायरीवर एक लहान मुलगी, दोन वेण्या, ठिपक्यांचा फ्रॉक. ॲपने तिला दोघींपैकी कुणाच्याच गटात घातलेलं नाही. आईला दाखवला, ती म्हणाली ही मी. मावशीला पाठवला, तिचा लगेच फोन, की ही मी, तो फ्रॉक माझा होता. मग दोघी फोनवर पाऊण तास. आई म्हणते फ्रॉक आधी माझाच, तुला नंतर दिला. मावशी म्हणते म्हणूनच तर, फोटोत तो गुडघ्याच्या खाली येतोय, म्हणजे घालणारी लहान.

तळ्यातमळ्यात

कपड्यांवरून ओळखायचं म्हटलं तर बहिणी-बहिणींत अशी पंचाईत.

केतकी_८१

पायरीची उंची माहीत असेल तर मुलीची उंची काढता येईल! वाडा आहे का अजून?

सुपारीची_बाग

वाडा पडला हो १९९० लाच. Not sure केलंय सध्या.

बापूसाहेब_नागपूर

फ्रॉकला उसवण कुठं होती ते विचारा दोघींना वेगवेगळं. जिला आठवंल तिचा फोटो.